तीन तिकिटं

माझा स्वभाव संशयी आहे, नाकारत नाही. बायको म्हणते, देव जरी दारात आला तरी हा आधी ओळखपत्र मागेल. घरी श्वासाचं यंत्र लावलेल्या रुग्णांच्या तक्रारी आमच्या डेस्कवर येतात आणि तिथला प्रमुख मी. काही तिकिटं, म्हणजे ईमेलने नोंदवलेल्या तक्रारी, कोरी येतात, काहींत नुसती अगम्य अक्षरं. त्यांचा नियम मीच लिहिला: विषय आणि जोडलेली फाइल बघा, उलट एकदा विचारा, दोन दिवस थांबा, बंद करा. एकाच ईमेल पत्त्यावरून तीनदा तसंच आलं, तर स्पॅम ठरवून पत्ता अडवा.

मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेली, डेस्कवर सगळे जिला मावशी म्हणतात ती बाई मात्र असली तिकिटं बंदच करेना. एका पत्त्याचं पहिलं तिकीट कोरं, दुसऱ्यात नुसते ‘ककककक’, तिसरं पुन्हा कोरं. सगळी तिच्याच सकाळच्या पाळीत. मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. काम जास्त दिसावं म्हणून बाई स्वतःच पाठवत असणार. तिने विचारलंही, ग्राहक नोंदणीत बघून फोन करू का? नियमात नाही, मी म्हटलं. सोमवारी तिला न सांगता पत्ता अडवून टाकला.

तिकिटं थांबली. मावशी अस्वस्थ दिसू लागली, तेव्हा मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

बुधवारी ती माझ्या टेबलाशी आली. तो पत्ता नोंदणीत आहे, यंत्राच्या क्रमांकासकट, ती म्हणाली. त्या पत्त्याचं काय केलंत, असंही विचारलं. अडवलेल्या पत्त्यांवरून येणारं कुणाच्याच रांगेत जात नाही. ती यादी फक्त मला दिसते. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी ती उघडली.

आत कालचं एक तिकीट होतं.

“बाबांचे हात थरथरतात, टाइप जमत नाही. मी कामाला गेले की सकाळी एकटेच प्रयत्न करतात. आज मी लिहितेय. यंत्र मधेच बंद पडतंय. कृपया कुणीतरी बघा.”

मावशीने नोंदणीतला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. मुलीने उचलला. वडील काल संध्याकाळपासून रुग्णालयात होते. तिथल्या यंत्रावर श्वास चालू होता, डॉक्टर अजून काही सांगत नव्हते. मावशीने दुसरं यंत्र आजच घरी पोचेल असं सांगितलं आणि लगेच फॉर्म भरायला घेतला.

मग मुलगी म्हणाली, “आम्ही चारदा लिहिलं. तुमच्याकडे कुणी वाचतच नाही का?”

मावशी लिहायची थांबली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

“या बाई वाचत होत्या,” मी म्हणालो. “तुमचा पत्ता मी अडवला होता.”