चार कपांची खूण

इंदूबाई गेल्या आणि जगातली चवच संपली, असं किसनराव अमरावतीत ज्याला त्याला सांगत. पुरावा म्हणून कॉफी पाजत. ती खरोखरच कडूजहर असे.

अकोल्याहून आलेल्या दीक्षानं, त्यांच्या लेकीनं, घोट घेतला. "बाबा, कधीची हाये ही?"

"सातची, बाई. रोजच्यासारखी चार कपांच्या खुणेपर्यंत भरली. मशीनच्या हॉटप्लेटवर गरमच हाये."

"अकरा वाजले! खालून आच लागूनच राहिली. वास उडाला, कॉफी शिजून कडू झाली. तुमी अन् आई चारही कप लगेच संपवत होते, म्हणून कळलं नाही. झाली की गरम पाण्यानं विसळलेल्या थर्मासात ओता, झाकण घट्ट लावा. दोन तास तरी चांगली राहते."

दुसऱ्या दिवशी सातची कॉफी नऊलाही चांगली लागली. किसनराव रडले, आता लोकांना दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

कॉफीच्या भांड्यावर चारच्या खाली दोन कपांचीही खूण होती.