सहाशेपैकी चारशे ऐंशी

काळुराम एकतीस वर्षं पेणच्या एका हायस्कुलात शिपाई होते, आणि या एकतीस वर्षांत त्यांनी इतकी निकालपत्रकं वाटली, की कुठल्याही कागदावर आकड्यांच्या तीन उभ्या रांगा दिसल्या की ते आधी टक्के काढत. माणूस वाईट नव्हता. हिशेब करायची खोड तेवढी होती.

त्यामुळे गडबच्या अलीकडच्या त्यांच्या वाडीवर प्रयोगशाळेतून बोअरच्या पाण्याचा अहवाल आला, तेव्हा जे व्हायचं तेच झालं. बाकीच्या ओळी त्यांनी सोडून दिल्या, कारण तिथले आकडे फारच किरकोळ होते. 'एकूण कठीणता' या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं. निकाल चारशे ऐंशी. पुढच्या रकान्यात दोनशे. शेवटच्या रकान्यात सहाशे.

"सहाशेपैकी चारशे ऐंशी!" ते ओटीवर उभे राहून ओरडले. "पासिंग दोनशेला हाय. ऐंशी टक्के गो! डिस्टिंक्शन!"

शेजारच्या मोरूच्या विहिरीचाही अहवाल त्याच पाकिटातून आला होता. तिथे आकडा होता एकशे नव्वद. काळुरामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शाळेत नापास पोराच्या बापाशी बोलत तशा हलक्या आवाजात ते मोरूला म्हणाले, "दहानं गेला रे. पन मनाला लावून घेव नको."

मोरूने लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्याने बापजाद्यांच्या विहिरीवर पत्रा टाकला आणि काळुरामांच्या बोअरवरून घरात नळी ओढली. नापास पाणी बायकोपोरांना कसं पाजायचं?

हे सगळं अनिता बघत होती. अनिता ही काळुरामांची सून, लग्न होऊन दीड वर्ष झालेली, माहेर रोह्याचं. गावात पाणी तपासायला ज्या पाच बायका निवडल्या होत्या त्यांत ती एक. पेणला दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती आणि तपासणीची निळी पेटी तिच्याच कपाटात होती. ती त्याच संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ते मार्क नाहीत. जितका आकडा मोठा तितकं पाणी कठीण. दोनशेच्या आत चांगलं. दुसरं पाणी मिळतच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घ्यायचं, असा त्याचा अर्थ."

"तुझ्या म्हायेरच्या पान्याला किती पडले व्हते?"

"मी मोजलं तेव्हा पंचाहत्तर."

"मग पंचाहत्तरवाल्यांनी चारशे ऐंशीला शिकवू नये," काळुराम म्हणाले, आणि अहवालाला चौकट करायला पेणला निघून गेले.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण अनिताचं सगळं या आकड्यावर अडलं होतं. घरात गिझर आला तोच तिच्या लग्नात, आणि तेव्हापासून दोन गिझर आणि एक जादा कॉइल जळली होती. अंगाच्या साबणाची वडी, जी तिच्या माहेरी महिना जायची, ती इथे बारा दिवसांत संपे. कपडे धुऊन वाळले की पापडासारखे कडक. बाथरूमचा नळ तर करंगळीएवढी धार सोडायला लागला होता. आणि विमलबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मत ठाम झालं होतं: सून उधळी. त्या साबणाच्या वड्या मोजून देत. गिझरबद्दल मात्र त्या थेट पायगुणावर आल्या होत्या.

विमलबाईंची परीक्षा घ्यायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. "नवी कॉइल बसवलीय," त्या म्हणाल्या. "म्हयनाभर तू जा म्हायेरी. तू नसताना जळली तर माझं चुकलं. नाय जळली, तर मग बघू काय करायचं ता."

ही परीक्षा अनिता आधीच हरली होती. कारण नवी कॉइल एका महिन्यात जळत नाही. या पाण्यातसुद्धा ती पाच-सहा महिने निघते. म्हणजे ती गेल्यावर महिनाभर गिझर छान चालणार, छान गरम पाणी येणार, आणि जन्मभरासाठी हे सिद्ध होणार की अनिता नसली की घरातलं काही जळत नाही. नवरा, हरेश, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाई आणि या विषयावर तोंड म्हणून उघडत नसे. अनिताला त्याचा इतका राग येत होता की त्याच्या डब्यात ती तीन दिवस मीठ घालायला विसरली, आणि त्याने तेही मुकाट्याने खाल्लं.

रविवारी तिचा भाऊ जितेश तिला न्यायला येणार होता. आणि त्याच रविवारी सकाळी काळुरामांनी बोअरचा सत्कार ठेवला होता.

हो, बोअरचा. पाइपाला शाल गुंडाळली होती, मोटरीला हार होता. अंगणात ताडपत्री घालून तीस-चाळीस माणसं बसली होती. चौकटीतला अहवाल खुर्चीवर ठेवला होता आणि खुर्चीला गुलाल लावला होता. मोरूने नापास असूनही मोठ्या मनाने नारळ आणला होता.

अनिताची बॅग भरून दाराशी होती. ती आत गेली आणि निळी पेटी घेऊन बाहेर आली.

"बाबा, सगळ्यांसमोर परत मोजू या का?"

काळुरामांना वाटलं सून वळली. "रिचेकिंग? व्हऊन जाऊ दे!"

तिने परीक्षानळीत खुणेपर्यंत बोअरचं पाणी भरलं, एका बाटलीतलं औषध घातलं, मग रंगाची पूड टाकली. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लालसर झालं. "आता हे थेंब," ती म्हणाली. "पाणी निळं होईपर्यंत टाकायचे. एक थेंब म्हणजे पंचवीस."

माणसांनी थेंब मोजायला सुरुवात केली. आठ, नऊ, दहा. बारानंतर पोरं उभी राहिली. सोळाला जांभळट झाक आली तेव्हा कुणीतरी शिट्टी घातली. एकोणीस. विसाव्या थेंबाला पाणी स्वच्छ निळं झालं, आणि काळुरामांनी दोन्ही हात वर केले.

"पाचशे! रिचेकिंगला वीस वाढले!"

"पेटीचं माप ढोबळ असतं," अनिता म्हणाली, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

मग तिने मोरूच्या विहिरीचं पाणी घेतलं. पत्रा सकाळीच सरकवून तिने बाटली भरून आणली होती. मोरू खाली बघत बसला. आठव्या थेंबाला निळं.

"दोनशे," काळुराम उदारपणे म्हणाले. "काठावर पास! मोरू, उठ, पेढा घे." मोरूच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"आता प्रॅक्टिकल," अनिता म्हणाली, कारण तिला कळलं होतं की या माणसांशी शाळेच्याच भाषेत बोलावं लागणार. तिने पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरल्या, एकीत बोअरचं, दुसरीत मोरूचं. अंगाच्या साबणाची वडी किसून तिने चिमटीचिमटीने दोन्हींत घातली आणि दर वेळी दोन्ही बाटल्या हलवल्या. दुसऱ्या चिमटीला मोरूच्या बाटलीत बुचापर्यंत फेस आला. बोअरच्या बाटलीत पाणी गढूळ झालं आणि नासलेल्या दुधासारख्या कळ्या तरंगल्या. फेस नाहीच. तिसरी चिमूट, चौथी. पाचव्या चिमटीला कुठे फेस धरला.

"हे पाणी आधी आपलं पोट भरतं," ती म्हणाली. "त्यात चुना विरघळलेला असतो, तो पहिला साबण खाऊन टाकतो. उरला तर अंगाला. आई, साबण मी नाही संपवत. तुम्ही मोजत होता त्या वड्या बोअरने खाल्ल्या."

विमलबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "साबनाचं कळलं," त्या म्हणाल्या. "पन गिझर? गिझर काय साबन लावून आंघोळ करतो?"

एवढ्यात जितेश मोटरसायकल लावून आत आला. हा धाटावच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला. त्याला काही विचारायची गरज पडली नाही. अनिताने जळकी कॉइल पुढे केली, तिच्यावर बोटभर जाडीचं पांढरं कवच होतं. त्याने लिंबू मागितलं, अर्धं चिरून कवचावर पिळलं. कवच फसफसलं.

"चुना," जितेश म्हणाला. "पाणी तापलं की तो सुटतो आणि कॉइलवर बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जात नाय, आतल्या आत कोंडते. पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं, आन शेवटी कॉइल जळते. तुमच्या गरम पाण्याच्या पाइपातपण हेच बसलंय, म्हणून धार बारीक. आमच्या कंपनीत असलं पाणी बॉयलरला दिलं तर साहेब मला घरी पाठवील."

"माझा गिझर सहा वर्सं चाललाय," मोरू हळूच म्हणाला. मग त्याला अर्थ लागला आणि तो उभा राहिला. "आन मी त्यात तुमचं पानी सोडलंय!" तो नळी काढायला धावत सुटला, पेढा तोंडात तसाच.

काळुराम खुर्चीजवळ उभे होते. त्यांनी चौकट उचलली, लांब धरली, जवळ धरली. "म्हंजे... कमी पडले तो हुशार?"

"हो बाबा."

"विष हाय काय ता?"

"नाही. पिऊन काही होत नाही. कपड्यांना आणि गिझरला मोरूभाऊंचं पाणी घ्यायचं, एवढंच."

"नापासाकडं मागू?" ते इतक्या दुःखाने म्हणाले की अनिताला त्यांची कीव आली. मग त्यांनी बोअरवरची शाल सोडली, घडी घातली, आणि आता ती कुणाला द्यायची हे न कळून काखेत धरून उभे राहिले.

विमलबाई मात्र कॉइलकडेच बघत होत्या. त्या अंगणात उतरल्या आणि अनितासमोर उभ्या राहिल्या.

"बोअर चार वर्सांचा," त्या म्हणाल्या. "त्याआधी ह्याच आवारात विहीर व्हती. तिचं पानी बी असंलच असंल?"

"असेल. मोरूभाऊंच्या विहिरीचा झरा वेगळा, पण आपल्या आवारातली जमीन तीच."

"अशा पान्यात डाळ शिजते?"

"लवकर नाही शिजत, आई. वाल, तूर, कडकच राहतात."

विमलबाईंचा चेहरा बदलला. "मी नवी आले तवा माझ्या हातची डाळ शिजायची नाय. सासू बोलली, आयशीनं काय शिकवलंच नाय. मला आठ म्हयने म्हायेरी ठेवली. तिथं शिजायची. रोज शिजायची. मी आईला बोलले, बघ गो, शिजतेय. ती बोलली, मंग सासरी तू लक्ष देत नसशील." त्या थांबल्या. "मरेपर्यंत आईला तसंच वाटत व्हतं."

काळुराम शालीची घडी परत घालायला लागले.

"जितेश," विमलबाई म्हणाल्या, "माझं म्हायेर नागोठण्याच्या पुढं. नेतोस?"

"आत्ता, मावशी?"

त्यांनी मोरूच्या पाण्याची बाटली अंगणात रिकामी केली, विसळली, बूच घट्ट लावलं. मग एकसष्ट वर्षांच्या विमलबाई आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसल्या, एका हातात ती रिकामी बाटली आणि दुसऱ्या हाताने जितेशचा खांदा धरून.

"थेंब तयार ठेव गो," त्या अनिताला म्हणाल्या. "आईच्या विहिरीचं पानी आनते."