तिसऱ्या लेखाखालचं टिपण

"चांदण्या, तुम्ही मागच्या दाराने या हं, बाळांनो."

चौथीत असताना रोज सकाळी वर्गशिक्षिकेचा हा आवाज कानावर पडायचा. मऊ, साखरेत घोळवलेला. रागाचा आवाज असता तर माणूस विसरून तरी जातं. वाचनात मागे पडलेल्या मुलांची ती वेगळी तुकडी, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तिचं नाव चांदण्या. कुणाला काही कळू नये हा उद्देश होता. शाळेच्या आवारातल्या कुत्र्यालासुद्धा कळलं होतं.

त्या तुकडीतली एक चांदणी पुढे स्वतःच प्राथमिक शाळेत बाई झाली. केस पिकायला लागल्यावर तिने एम.एड.ला नाव घातलं. कारण साधं होतं. तिच्या शाळेत पुढच्या वर्षापासून मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळी तुकडी काढायचं चाललं होतं. हेडसर तिच्यासाठी गोडसं नाव शोधत होते. बाईंना या तुकडीवरच प्रबंध करायचा होता, तुकडी निघायच्या आत. पण विषय मंजूर व्हायला आधी संशोधन पद्धतीचा पेपर सुटायला हवा, आणि त्या पेपरचं पहिलं काम म्हणजे पाच लेखांची सटीप संदर्भसूची.

"काय गं, एवढं काय लिहितेस?" मटार सोलता सोलता सासूबाईंनी विचारलं.

"पाच लेख वाचून त्यांच्याबद्दल लिहायचंय, आई."

"म्हणजे लेख तू नाही लिहायचास?"

"नाही. ते लोकांनी लिहिलेत."

"लोकांनी लिहिलेल्यावर तू लिहिणार. मग तुझ्यावर कोण लिहिणार?"

"आमच्या मॅडम."

"बरी रांग लावलीय," सासूबाई म्हणाल्या आणि एक दाणा तोंडात टाकला.

कामाची रीत ठरलेली होती. आधी लेखाची नोंद: लेखकाचं आडनाव, वर्ष, लेखाचं नाव, नियतकालिक, खंड, अंक, पानं. पहिली ओळ समासाला धरून, बाकीच्या थोड्या आत सरकलेल्या, जशी आईच्या मागे पोरं उभी असावीत. नोंदी आडनावाच्या अक्षरक्रमाने. प्रत्येकीखाली एक परिच्छेद: लेखकाने काय शोधलं, कसं, कुणावर, काय सापडलं; मग त्या अभ्यासाचं बळ किती, दुबळेपण कुठे; आणि शेवटी, आपल्या प्रश्नाला त्याचा काय उपयोग. लेख शक्यतो अलीकडचे. एखादा जुना चालेल, पण का घेतला ते सांगा, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

तो एक जुना लेख बाईंना कॉलेजच्या ग्रंथालयात, बांधीव अंकांच्या कपाटात मिळाला. 'वाचनात मागे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तुकडी'. उभ्या उभ्याच चाळायला घेतला. शाळेचं नाव नव्हतं. पण "पूर्वी भांडारघर असलेली खोली, प्रवेश मागील बाजूने" असं होतं. पुढे "तुकडीस 'चांदण्या' हे प्रोत्साहनपर नाव देण्यात आले" असंही होतं. बाई खाली बसल्या.

दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: "एक विद्यार्थिनी कांजिण्यांमुळे अंतिम चाचणीस अनुपस्थित राहिल्याने तिला विश्लेषणातून वगळले आहे." बाईंनी कपाळावरच्या बारीक खड्ड्याला बोट लावलं. उभ्या आयुष्यात त्यांच्याबद्दल छापून आलेलं हे एकच वाक्य, आणि तेही वगळल्याचं.

निष्कर्षात लिहिलं होतं की वाचनाचे गुण वाढले, आणि वेगळं बसवल्याबद्दल विद्यार्थ्यांमध्ये नाराजी आढळली नाही.

अक्षरक्रमात हा लेख तिसरा आला. त्याखालच्या टिपणात बाईंनी लिहिलं: "नाराजी नव्हती हा निष्कर्ष साफ खोटा आहे."

वही परत आली तेव्हा मॅडमनी बाजूला एकच शब्द लिहिला होता: "कशावरून?"

मॅडम वयाने बाईंपेक्षा बऱ्याच लहान. दोघीही एकमेकींना मॅडम म्हणायच्या आणि दोघींनाही ते थोडं खटकायचं.

"बसा ना मॅडम. चार टिपणं नेटकी आहेत तुमची. हे तिसरं टिपण नाही, भांडण आहे."

"खोटंच आहे ते, मॅडम."

"असेल. पण मला तुमच्या मनातलं नकोय, लेखातलं दाखवा. नाहीतर लेख बदला. शंभर लेख आहेत या विषयावर."

"लेख नाही बदलणार."

"मग अभ्यासाची साधनं नीट वाचलीत?"

 खोलीचं वर्णन बाईंनी पाठ होईस्तोवर वाचलं होतं. निष्कर्षही. मधला साधनांचा भाग मात्र त्यांनी ओलांडला होता. आपण तिथे होतो, आपल्याला काय वाचायची गरज, असं वाटलं होतं त्यांना. तिथे नसलेल्या कुणीही तो भाग आधी वाचला असता.

त्या परत ग्रंथालयात गेल्या. अंक उघडला, बोट ठेवून एक एक ओळ वाचली. वाचनाची चाचणी मुलांनी दिली होती. नाराजीची प्रश्नावली मात्र वर्गशिक्षिकेने भरली होती, प्रत्येक मुलासाठी एक. मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आलं हसू, इतकं की ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं.

नवं टिपण त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर लिहिलं:

"लेखकाने एका स्वतंत्र तुकडीची वाचनचाचणी वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस घेतली. गुण वाढले, मात्र तुलनेसाठी दुसरी तुकडी नसल्याने ही वाढ वेगळं बसवल्यामुळेच झाली असं म्हणता येत नाही. नाराजीची माहिती शिक्षिकेकडून घेतली आहे, विद्यार्थ्यांकडून नाही. त्यामुळे नाराजी नव्हती हा निष्कर्ष या पुराव्यावर उभा राहत नाही. लेख जुना आहे, पण अशा तुकड्यांच्या समर्थनार्थ पुढच्या दोन लेखांनी त्याचाच आधार घेतल्यामुळे निवडला. माझ्या अभ्यासात हा प्रश्न थेट मुलांना विचारला जाईल."

मॅडमनी ते दोनदा वाचलं. पेनाचं टोपण लावलं.

"हे बरोबर झालं. आता कुणी 'कशावरून' म्हणणार नाही. पेपर सुटला की विषयाला माझा होकार. हेडसरांची परवानगी तुम्ही आणा."

"आणते. नाव सापडायच्या आत आणते."

"पण मॅडम, एक विचारू? चार लेखांवर तुम्ही इतक्या थंडपणे लिहिलंत. याच एकावर एवढ्या का चिडलात? विषयाशी तुमचं काही नातं असेल तर प्रस्तावात ते लिहावं लागतं. नातं असणं हा गुन्हा नाही. लपवलं तर मात्र अडचण होते."

बाईंनी पर्सची चेन उघडली, बंद केली. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच. स्टाफरूममध्ये 'ढ' मुलांवर विनोद व्हायचे तेव्हा त्या चहा गाळत राहायच्या.

"ती वगळलेली विद्यार्थिनी," त्या म्हणाल्या, "ती मीच."

मॅडमनी लेख जवळ ओढला, ती ओळ शोधली, वर पाहिलं. बाहेर कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं. "नंतर या," मॅडम म्हणाल्या. दार लागलं.

"मग ताई," मॅडम म्हणाल्या. मॅडम हा शब्द त्यांच्याही लक्षातून गेला होता. "होती का नाराजी?"

"होती," बाई म्हणाल्या. "वर्षभर मी आईला सांगत होते की बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलंय. ती गेली तोवर तिला तेच माहीत होतं."