गोड्या विहिरीचे दोर

अमावस्येला गोड्या विहिरीत दोर सोडायचा नाही, हा खारसांगवीचा पिढीजात नेम होता. पूर्णेकाठच्या त्या खारपाणपट्ट्यात जिथं खणावं तिथं मीठ. देवानं गावाच्या पदरात घातलेली गोडी विहीर एकच. तिलाही महिन्याकाठी विसावा हवा, म्हणून बायका आदल्या सांजेलाच रांजण भरून ठेवत.

वामनरावांनी चाचणीसाठी नेमकी चैत्रातली अमावस्या धरली. ते सरकारी सर्वेक्षणातले भूगर्भशास्त्रज्ञ, माणूस अमरावतीचा, कामाला वाघ. अणुशक्तीच्या कामाला देशात लिथियम हवं होतं, आणि खारसांगवीच्या जुन्या मिठाच्या विहिरीत त्याचा अंश सापडला होता. आता एवढंच पाहायचं होतं, की इंजिन लावून ते खारं पाणी दिवसभर उपसलं तर पुरतं की आटतं. अमावस्येला गोडी विहीर निजलेली, म्हणजे हिशेबात कोणाची घागर मध्ये येणार नाही.

पण घडलं उलटंच. दिवसभर खाऱ्या विहिरीवर इंजिन धडधडलं, आणि सांजेला गोड्या विहिरीचं पाणी हातभर खाली उतरलेलं दिसलं.

जमुना तिथंच उभी होती. अकोल्याच्या जठारपेठेतली ही मुलगी रसायनशास्त्र शिकून सर्वेक्षणात लागली होती. रोज जीपनं कॅम्पला येई. सूर्याला पाणी दिल्याशिवाय ती तोंडात घोट घेत नसे, आणि मोजल्याशिवाय बोलत नसे. तिनं नमुना घेतला, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. सकाळच्या मानानं लाल रंग यायला कितीतरी जास्त थेंब लागले. पाण्यात मीठ चढलं होतं.

"साहेब, हे आपल्या इंजिनानं झालंय."

वामनराव काही म्हणण्याआधी गावचे खुशालराव पाटील पुढं आले. "इंजिनाचं काय घेऊन बसलात! बौद्धपुऱ्यातल्यायनं पानी नेलं असन. त्यायले आता अमावस्या कुठची? नेम आमचा, पानी त्यायचं!"

वामनरावांचा चेहरा उजळला. त्यांना हेच हवं होतं. "शक्य आहे. तसं असेल तर आपली चाचणी पास. मीठ काय, पाणी घुसळलं की थोडं वर येतंच."

जमुनाला दिसलं, की या एका वाक्यानं खारं पाणी उन्हात आटवायची मोठाली कुंडं खणली जातील, विहीर जाईल, आणि दोष मात्र त्या वस्तीच्या माथी बसेल. त्या विहिरीवर चढायचा हक्क त्यांना मिळाला त्याला दहा वर्षंही झाली नव्हती.

"एकदा परत घेऊ चाचणी," ती हळूच म्हणाली.

"आणि परत विहीर खारट झाली तर?" वामनराव उसळले. "जमुनाबाई, दुसरा रस्ता कोणता ते तरी सांगा. परराज्यातल्या डोंगरातला लिथियमचा दगड? सुरुंग लावा, फोडा, पीठ करा, भट्टीत हजार अंशांवर तापवा, मग गंधकाच्या तेजाबात भाजा. किती कोळसा, किती धूर! उरलेल्या चुऱ्याचा दुसरा डोंगर. आणि इथं? इथं ऊनच भट्टी आहे. कुंडात पाणी सोडा. आधी मीठ बसेल, चुन्यानं मॅग्नेशियम काढू, शेवटी सोड्यानं लिथियम. फुकटात."

"फुकटात नाही, साहेब. ऊन पाणी पितं. दगडाच्या कारखान्यालाही पाणी लागतंच, पण धुतलेलं पाणी निवळून बरंचसं परत फिरवता येतं. कुंडातलं गेलं ते आभाळात गेलं. अन् वर्ष-दीड वर्ष ते आटवायचं; मध्ये मृग लागला की केलेलं सगळं पुन्हा पातळ. आणि ही काळी माती! उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. कुंडातलं खारं पाणी कुठं झिरपेल?"

"ते इंजिनियर बघतील. तुम्ही विहिरीपुरतं बोला."

"विहिरीपुरतंच बोलते. खाली दोन्ही विहिरींना जोडणारा रेतीचा थर आहे, तुम्हीच दाखवलात. त्यात गोडं पाणी खाऱ्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगतं. इकडून ओढलं की साय फाटते."

तेवढ्यात गर्दीतून भागीरथा पुढं आली. बौद्धपुऱ्यातली, रोजानं निंदणाला जाणारी, जिभेची तिखट.

"पाटील, आमच्यावर आळ घेऊन राह्यले ना? मंग आइका. आमी अमावस्या पाळत नाही, पन विहीर पाळतो. ज्या पान्यासाठी मार खाल्ला, त्याले आमी काहून मारू? घ्या परत तुमची चाचनी. त्या दिवशी गावातले समदे दोर इथं आनून ठेवा. आमचेही, तुमचेही. मंग पानी उतरलं तं कोनाकडं बोट दाखवसान?"

"अन् विहीर गेली तं?" कोणीतरी विचारलं.

भागीरथाचा आवाज थोडा उतरला. "अशीबी जाऊन राह्यली ना भाऊ."

रात्रभर जमुनाला हेच टोचत राहिलं. खरं कळायला विहीर पुन्हा पणाला लावायची! तिनं एक अट घातली: मोजणीच्या सुतळीला ती गाठ मारेल, पाणी गाठीखाली गेलं की इंजिन तिथंच बंद. वामनरावांनी मान डोलावली, पण त्यांचं तोंड कडूच होतं.

पाणी पूर्वीच्या जागी चढेपर्यंत थांबून चाचणीचा दिवस धरला. सकाळीच दोर येऊ लागले. अंबाडीचे, सुताचे, गाठी मारलेले, नवेकोरे. विहिरीच्या कठड्याशी त्यांचा ढीग झाला. पाटलांच्या घरचा दोर अन् भागीरथाचा दोर एकमेकांत गुंतून पडले. सारा गाव निंबाच्या सावलीत बसला. पोहरा हलला नाही की कळशी. हाकेच्या अंतरावरच्या खाऱ्या विहिरीवर फक्त इंजिन धडधडत होतं.

जमुनाचा सोमवार होता. पोटात काही नव्हतं, नजर सुतळीवर होती. दुपार कलली तशी पाण्याची रेघ गाठीकडं सरकू लागली. टेकली. खाली गेली.

"बंद करा!" ती ओरडली.

इंजिनवाल्या डोमाजीनं साहेबांकडं पाहिलं. वामनराव म्हणाले, "अजून थोडं. एवढ्यानं सिद्ध होत नाही. वरून विचारतील."

"अट ठरली होती, साहेब."

"अट मी घातली नव्हती!"

निंबाखाली माणसं उठून उभी राहिली. खुशालराव पाटील सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी दोरांच्या ढिगाकडं एकदा पाहिलं, मग विहिरीकडं.

जमुना वाद घालत बसली नाही. नमुना काढायच्या डब्यानं तिनं विहिरीतलं पाणी काढलं, तांब्यात ओतलं आणि वामनरावांपुढं धरलं. "थेंब नंतर मोजते. आधी हे प्या."

त्यांनी घोट घेतला. गिळला नाही, थुंकलाही नाही. मग तरातरा चालत जाऊन स्वतःच्या हातानं त्यांनी इंजिन बंद केलं.

शांतता एवढी पसरली की विहिरीत ओघळणारी माती ऐकू आली.

जीपजवळ अहवाल लिहिताना वामनराव खालमानेनं म्हणाले, "इथं कुंडं नकोत, असं लिहितो. दगडाकडं वळावं. पण जमुनाबाई, त्या डोंगराखालीही बाया पाणी भरत असतील. तेजाबाचा गाळ त्यांच्या ओढ्यात उतरला तर तिथं कोण गाठ मारणार?"

"तेही लिहा," ती म्हणाली. "भट्टी लावण्याआधी तिथल्या विहिरी मोजा, असं."

त्यांनी लिहिलं. वर कोणी वाचेल की नाही, देव जाणे.

विहिरीवर खुशालराव ढिगात वाकून गुंता सोडवत होते. भागीरथाचा दोर हाती लागला तसा ते थबकले. "हा तुहा ना?"

"माहाच."

त्यांनी तो तिच्या हातात दिला. "उद्या नको सोडू. चार-आठ दिवस निजू दे तिले."

"आमीबी तेच म्हनून राह्यलो, पाटील," भागीरथा म्हणाली, आणि दोर खांद्यावर टाकून घरी निघाली.

जमुनानं सुतळी पुन्हा विहिरीत सोडली. पाणी अजून गाठीच्या खालीच होतं. ती कठड्यावर बसून राहिली, आणि दिवस बुडायच्या सुमारास ते किंचित वर सरकलं.