मागचं दार एकदाच उघडलं

गाडीत खोट आहे हे सिद्ध करायला चिमणीचा बाबा आपल्या पायांनी वर्कशॉपमध्ये आला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठ दिवसांपूर्वी चिमणीला पाळणाघरात सोडायचं विसरून हा गृहस्थ थेट ऑफिसात जाऊन बसला होता. वॉचमनला बंद गाडीच्या काचेआडून रडणं ऐकू आलं, म्हणून पोर वाचली. "मागच्या सीटचा अलार्म वाजलाच नाही," हे बाबाने तेव्हापासून इतक्यांदा सांगितलं, की पुढे बायकोच ते सांगू लागली. सासूशी तर ती कडाकडा भांडली. "याचा काय दोष? गाडीच बिघडलीय!"

आत्ताही ती चिमणीला कडेवर घेऊन तावातावाने मिस्त्रींना तेच सांगत होती.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मागचं दार उघडून लावलं, पुढे बसून गाडी चालू केली, बंद केली. अलार्म ठणठणीत वाजला. पुन्हा केलं, पुन्हा वाजला.

"साहेब, त्या दिवशी मध्ये कुठे गाडी बंद केली होती का?"

"छे! घरातून निघालो तो थेट ऑफिस." बाबाचे कान तापले.

या वेळी मागच्या दाराला हात न लावता मिस्त्रींनी गाडी चालू केली आणि बंद केली. आवाज नाही.

"गाडीला मूल दिसत नाही, वहिनी. तिला फक्त दार कळतं. निघण्याआधी मागचं दार उघडलं, तर गाडी बंद केल्यावर ती एकदा आठवण करून देते. झालं तिचं काम. मागचं दार न उघडता पुन्हा निघालात, तर पुढच्या वेळी ती गप्प. पण साहेब म्हणतात कुठे थांबलेच नाहीत, तर मी पार्ट बदलायला लिहितो."

त्यांनी खिशातून पेन काढलं. म्हातारा आपल्याला वाचवतोय, हे बाबाला कळलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंही त्याला जमेना.

"लिहू नका," तो म्हणाला. "गाडी चांगली आहे. मी थांबलो होतो."

"कुठे?" बायकोने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानापाशी. सिगरेटला."

सिगरेट सुटून वर्ष झालं, असं ती समजत होती. पण तिने विचारलं ते अलार्मचं.

"मग तिथे अलार्म वाजला असेल."

"वाजला." बाबाची नजर जमिनीवरून उठेना. "मी मागे वळून पाहिलं. चिमणी झोपली होती. ती उठेल म्हणून बटण दाबून आवाज बंद केला आणि उतरलो. नंतर ऑफिस येईपर्यंत डोक्यात एकच, तोंडाचा वास जायला हवा."

तिने चिमणीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, त्याच्यापासून लांबच्या.

"मी आईंना नाही नाही ते बोलले रे," ती म्हणाली.