भरतीचे शब्द

भाविकाने प्रबंधाच्या आभारात यंत्राला नवऱ्याच्या खाली आणि टायपिंगवाल्याच्या वर जागा दिली होती. ‘मुलाखतींच्या कामी एआयची मदत झाली’, एवढी एकच ओळ. आपण प्रामाणिकपणा केला, असं समजून ती निवांत होती.

अलिबागच्या कॉलेजात तिच्या मार्गदर्शक मृणाली मॅडमनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“आभार कशाला? त्याने काय तुला डबा करून दिला? त्याने काय काम केलं ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सांग.”

“मॅडम, तिथं लिहिलं की बाहेरचे परीक्षक म्हणणार, सगळं मशीननेच केलं. तोंडी परीक्षेत माझं काही खरं नाही.”

भीती खोटी नव्हती. भाविका उरणकडची, खाडीकाठच्या आगरी घरातली. घरातली पहिली पीएचडी होणार म्हणून भावकीत तिचा बोलबाला आधीच झाला होता.

“न लिहिता पकडली गेलीस तर? ते परवडेल?” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “कुठलं साधन, कुठली आवृत्ती, कुठल्या महिन्यात, कुठल्या टप्प्यावर वापरलं ते लिही. मजकूर साफ केला कोणी, वाक्यांचं कोडिंग केलं कोणी, तक्त्यांच्या आकडेमोडीचा प्रोग्रॅम लिहिला कोणी, हे वेगवेगळं लिही. मग तू काय तपासलंस, कसं तपासलंस. आणि त्याला दिलेल्या सूचना जशाच्या तशा परिशिष्टात जोड.”

चक्रीवादळानंतर दिवेआगरच्या बायकांनी संसार कसा सावरला, हा भाविकाचा विषय. मुलाखती तिनेच घेतल्या, तिनेच ऐकून उतरवल्या. पुढे कंटाळून नावं काढलेला मजकूर यंत्राकडे दिला. यंत्राने तो साफ केला, मग वाक्यावाक्याला ‘उत्पन्न’, ‘मदत’, ‘स्थलांतर’ असे विषयाचे कोड लावले. त्यातून तिचा मोठा निष्कर्ष निघाला होता: सुपारीच्या वाड्या पडल्या आणि घरं मुंबईला गेली. त्यावर एक अख्खं प्रकरण उभं होतं, आणि ते मॅडमना फार आवडलं होतं.

घरी येऊन ती लिहायला बसली. आकडेमोडीचा प्रोग्रॅम यंत्राने लिहिलेला, पण उत्तरं तिने कॅलक्युलेटरवर पडताळलेली. ते बिनधास्त लिहिलं. मग परिशिष्टासाठी तिने आपली जुनी सूचना उघडली. ‘बोली प्रमाण मराठीत आण. बोलणाऱ्यांचे व्हय, न्हाय, बरं का असे भरतीचे शब्द काढून टाक.’

तिच्या माहेरीही दर दुसरं वाक्य ‘न्हाय?’ करूनच संपतं. त्या शेपटाला ती कंटाळली होती, म्हणून तिनेच ते छाटायला सांगितलं होतं. पण शेपूट सोडून तो शब्द वाक्याच्या पोटातही असतो, हे त्या दिवशी भाविकाबाईंच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने मूळ मजकूर काढला. दिवेआगरच्या कमळकाकू मुलाखतीत म्हणाल्या होत्या, “वाडी गेली. मुंबईला आमी न्हाय गेलो.” साफ केलेल्या मजकुरात होतं, ‘वाडी गेली. मुंबईला आम्ही गेलो.’ बाजूला कोड: ‘स्थलांतर’. यंत्राचे कोड न बघता तिने एकेक मुलाखत मूळ मजकुरावरून पुन्हा कोड केली, मग दोन्ही ताडून पाहिलं. काही घरं खरंच गेली होती; बरीचशी गेलीच नव्हती. मोठा निष्कर्ष आडवा झाला.

तिला रडू आलं. आपल्याच बोलीचा ‘नाही’ आपणच खोडला, याचं जास्त.

“प्रकरण नव्याने लिहावं लागेल, या सत्रात प्रबंध सादर होत नाही,” ती मॅडमना म्हणाली. “आणि ही चूकही पद्धतीत लिहिणार आहे. सूचना माझीच होती, तेही.”

“आता कोणी विचारणार नाही सगळं मशीनने केलं का म्हणून,” मॅडम म्हणाल्या. “संमतिपत्रात मशीनचा उल्लेख होता का?”

नव्हता. विद्यापीठाच्या नैतिकता समितीला कळवलं आणि समितीने सांगितल्याप्रमाणे भाविका पुन्हा संमती घ्यायला दिवेआगरला घरोघरी गेली.

कमळकाकू वाडीत नव्या सुपारीला पाणी घालत होत्या. भाविकाने सगळं सांगितलं: नाव काढलं होतं, पण बोलणं यंत्राकडे दिलं होतं, तेव्हा विचारलं नव्हतं. आणि त्यात ‘न्हाय’ कसा गेला, तेही.

“म्हंजी तुज्या पुस्तकात आमी मुंबईला ऱ्हातो?”

“व्हय, काकू.”

“खोली तरी बरी हाय का तितं?” काकू खो खो हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “अगं, समदे म्हनत होते जावा, जावा. पोरगाबी म्हनत होता. येक न्हाय म्हनायला मला किती जड गेलं, ठाव हाय?”

भाविकाने नवं संमतिपत्र पुढे केलं.

“मशिनीचं काय ते लिव, माजी ना न्हाय,” काकू म्हणाल्या. “पन माजा त्यो ‘न्हाय’ ऱ्हाऊ दे बाये.”