नुसत्या हॅलोचं उत्तर

मॅडमचं पत्र सोमवारी सकाळी सगळ्या नव्यांच्या स्क्रीनवर आलं आणि दुपारच्या चहापर्यंत त्या नव्यांतल्या एकीचं नाव लिस्टबाई पडलं.

पत्र चांगलं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. खचलेली माणसं जिथे लिहून मन मोकळं करतात, त्या चॅट हेल्पलाइनवर मॅडम सगळ्यांत जुन्या. त्यांनी लिहिलं होतं: 'नव्या सहकाऱ्यांनो, कुणी नुसतं हॅलो लिहून थांबलं, तर त्याला टाइमपास समजू नका. सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचत नसतं. आधी हॅलोला हॅलो म्हणा. मी इथे आहे म्हणा. काय मनात आहे ते सावकाश सांगा म्हणा, आणि मग हात आवरा. अंदाज नको, उपदेश नको. समोरचा गप्प राहिला तर थोड्या वेळाने एकदाच हळूच सांगा की घाई नाही. चॅट बंद करावीच लागली तर आधी कळवा, परत या म्हणा.'

खाली 'असं मुळीच करू नये' म्हणून या लिस्टबाईचं एक उत्तर जसंच्या तसं चिकटवलं होतं. एका हॅलोवर तिने स्वागत करून विचारलं होतं, अडचण घरची, नोकरीची, तब्येतीची, की अजून कसली, असे आठ पर्याय. मॅडमचा शेरा होता, 'या बाई माणसाशी बोलत होत्या की मेन्यूकार्ड वाचत होत्या?' नाव घातलं नव्हतं, पण त्याची गरजच नव्हती. सगळा हॉल फिदीफिदी हसला. शेजारच्या टेबलावरची तर डोळे पुसत हसली, आणि लिस्टबाई हे बारसंही तिनेच केलं.

लिस्टबाईला हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. ती भावाच्या घरी राहत होती आणि शुक्रवारी नोकरी पक्की झाली तरच तिला स्वतःची खोली घेता येणार होती. वहिनी रोज ताट वाढताना गोड आवाजात विचारायची, "मग वन्सं, कधी हलणार म्हणता?" भाऊ खाली मान घालून जेवायचा. लिस्टबाईने अपमान गिळला आणि पत्र तोंडपाठ केलं.

शुक्रवारी मॅडम नोकऱ्या पक्क्या करणाऱ्या साहेबांना घेऊन तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. साहेबांना माणसं कळत नसत, आकडे कळत. एका चॅटला किती वेळ गेला, हे ते भिंतीवरच्या बोर्डावर बघत; झटपट उरकलं की आकडा हिरवा, लांबलं की पिवळा. तेवढ्यात स्क्रीनवर आलं, 'हॅलो.'

तिने लिहिलं, 'हॅलो. मी इथे आहे. काय मनात आहे ते सावकाश सांगा.' आणि हात मांडीवर ठेवले.

समोरून काहीच आलं नाही. थोड्या वेळाने तिने लिहिलं, 'घाई नाही. मी थांबले आहे.' पुन्हा सामसूम. बोर्डावरचा तिचा आकडा हिरव्याचा पिवळा झाला. साहेबांनी घसा खाकरला.

"ही झोपली का?" ते तिला नाही, मॅडमना म्हणाले.

"बंद कर गं," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हीच लिहिलंत ना, थांबायचं म्हणून."

"मला शिकवू नकोस!"

तेवढ्यात चॅटच्या चौकटीच्या तळाशी तीन ठिपके हलू लागले. समोरचा माणूस लिहीत होता. ठिपके थांबले, पुन्हा हलले. "लिहितंय कुणीतरी, बघा ना," ती जवळजवळ ओरडली. मॅडमनी बघितलं. नीट बघितलं, यात शंकाच नाही. मग वळून साहेबांकडे बघितलं, आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी चॅट बंद केली. ना कळवलं, ना परत या म्हटलं.

"ऐकायचं नसेल तर इथे जमायचं नाही," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

लिस्टबाई पर्स शोधू लागली, तोच शेजारच्या स्क्रीनवर टुणकन आवाज झाला. तोच माणूस परत आला होता; नावाच्या जागी 'पुन्हा संपर्क' अशी खूण होती. खाली नुसतंच, 'हॅलो.'

शेजारणीने मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं. सोमवारी डोळे पुसत हसणाऱ्या तिच्यात आता दम उरला नव्हता. तिने पटापट लिहिलं, 'नाव, वय आणि फोन नंबर सांगा.'

"अगं, असं नको," लिस्टबाई म्हणाली. "त्याला आधी हॅलो तरी म्हण."

"तुम्ही निघा," साहेब लिस्टबाईला म्हणाले.

ठिपके हलले. लगेच उत्तर आलं, 'काही नाही. राहू द्या.' आणि तो माणूस निघून गेला. बोर्डावर शेजारणीचा आकडा हिरवागार झाला.

मॅडमनी शेजारणीच्या पाठीवर थाप मारली आणि लिस्टबाईकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस? एवढं सोपं असतं."